बशी उलटी करून पाहा

दुकानात कपबशीचा संच हातात घेतला की आपण नक्षी पाहतो, कडा तपासतो, टिचकी मारून आवाज ऐकतो. ज्यांच्या घरी डिशवॉशर आहे त्यांनी आणखी एक गोष्ट करायला हवी. बशी उलटी करून तिच्या पाठीवरचा शिक्का वाचायला हवा. तिथे 'डिशवॉशर सेफ' असे शब्द असतात, किंवा ताटल्यांवर पाण्याचे थेंब पडत असल्याचे छोटे चित्र असते. पुष्कळदा तिथे काहीच नसते. गावच्या घरातून आलेली, लग्नात आहेर म्हणून मिळालेली, प्रदर्शनातून हौसेने घेतलेली भांडी अशीच कोऱ्या पाठीची असतात. २०२०च्या टाळेबंदीत कामाला येणाऱ्या मावशींचे येणे थांबले आणि शहरांतल्या अनेक घरांत डिशवॉशर आला. स्टीलची ताटे-वाट्या त्यात निर्धास्त गेल्या. चिनीमाती, काच आणि मेलामाइन यांच्या बाबतीत मात्र अजूनही अंदाजाने काम चालते. हा अंदाज थोडा पक्का कसा करता येईल, ते या लेखात पाहू.

आधी यंत्रात नेमके काय घडते ते समजून घेऊ. हाताने घासताना भांड्याला साधे किंवा कोमट पाणी, सौम्य साबण आणि एखाद्या मिनिटाची घासणी मिळते. डिशवॉशरमध्ये घासणी नसतेच. तिथे घासणीचे काम उष्णता, रसायन आणि वेळ हे तिघे मिळून करतात. पाणी साधारण ५० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. डिशवॉशरची पावडर किंवा टॅब्लेट ओट्यावरच्या साबणापेक्षा बरीच अल्कधर्मी असते, कारण तिच्यात धुण्याच्या सोड्याच्या जातीचे क्षार असतात आणि डाग घालवणारे ब्लीचही असते. हे पाणी भांड्यांवर तासभर, कधी तीन तासांहूनही अधिक काळ आपटत राहते. म्हणजे भांड्याचा पृष्ठभाग रोज काही वेळ गरम सोड्याच्या पाण्याखाली असतो.

म्हणूनच 'डिशवॉशर सेफ' म्हणजे 'यंत्रात फुटणार नाही' हा अर्थ अपुरा आहे. फुटणे हा त्यातला छोटा भाग. खरा प्रश्न असा की भांड्याची झिलई, तिच्यावरचा रंग आणि काचेचा चकचकीतपणा त्या गरम अल्कधर्मी पाण्यात टिकेल का? हे नुकसान एका धुण्यात दिसत नाही. ते हळूहळू साचते आणि दिसू लागते तेव्हा परतीची वाट नसते.

आता शिक्क्याचे वचन किती ते पाहू. बहुतेक वेळा हे शब्द म्हणजे उत्पादकाने स्वतः दिलेले आश्वासन असते, ते कशाच्या आधारावर दिले हे पाठीवर लिहिलेले नसते. ज्यामागे ठरावीक चाचणी असते अशा शिक्क्यांत युरोपातले 'ईएन १२८७५' हे मानक प्रमुख आहे. त्यात भांडी ठरलेल्या डिटर्जंटने, ठरलेल्या तापमानाला पुन्हा पुन्हा धुतात आणि नंतर न धुतलेल्या नमुन्याशेजारी ठेवून तपासतात. रंग फिका झाला का, चमक गेली का, काच धुरकट झाली का, हे पाहतात. काही भांड्यांवर चित्राशेजारी १२५ किंवा ५०० असा आकडा दिसतो. इतक्या धुण्यांनंतर डोळ्यांना दिसेल असा फरक पडला नाही, असा त्याचा अर्थ. आता हिशोब करा. रोज वापरातली ताटली रोज एकदा यंत्रात गेली तर १२५ धुणी चार महिन्यांत संपतात, ५०० धुण्यांना सुमारे एक वर्ष चार महिने लागतात. चार महिन्यांनी नक्षी उडेलच असे नाही. पण चाचणीची हमी तिथे संपते हे लक्षात ठेवावे. रोजच्या जेवणाचा संच घेताना ५००चा आकडा किंवा मुळातच नक्षी नसलेली भांडी निवडणे शहाणपणाचे. सणासुदीला काढायच्या संचाला १२५ही पुष्कळ वर्षे पुरतात.

दोन शिक्क्यांची गल्लत फार होते. पेला आणि काटा शेजारी शेजारी असलेले चित्र म्हणजे ही वस्तू अन्नासाठी योग्य आहे, एवढेच. त्याचा डिशवॉशरशी संबंध नाही. तसेच 'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलेली वस्तू डिशवॉशरमध्ये चालेलच असे नाही. मायक्रोवेव्हमध्ये प्रश्न लहरींचा आणि उष्णतेचा असतो, डिशवॉशरमध्ये रसायनाचा. 'फक्त वरच्या कप्प्यात' अशी सूचना असेल तर तीही मनावर घ्यावी. काही यंत्रांत पाणी तापवणारे एलिमेंट तळाशी उघडे असते, आणि खालच्या फवाऱ्याचा मारही बहुधा जास्त असतो. एक व्यवहाराची गोष्ट : पुष्कळ उत्पादक ही सूचना भांड्यावर न छापता खोक्यावर किंवा चिकटपट्टीवर छापतात. खोके रद्दीत गेले की माहितीही गेली. तेवढा पुठ्ठ्याचा तुकडा कापून ठेवावा किंवा त्याचा फोटो काढून ठेवावा.

चिनीमातीच्या भांड्यांत सर्वात महत्त्वाचा प्रश्न एकच आहे : रंग झिलईच्या वर आहे की खाली? चिनीमातीचे भांडे घडवताना भाजलेल्या मातीवर काचेसारखा पातळ थर चढवतात, तीच झिलई. नक्षी झिलईच्या आधी काढली आणि वर झिलई देऊन भाजले, तर रंग काचेच्या पडद्याआड सुरक्षित राहतो. दुसऱ्या पद्धतीत नक्षी झिलईवर चिकटवतात आणि भट्टी इतकी तापवतात की झिलई मऊ होऊन रंग तिच्यात बुडतो. असे भांडेही चांगले टिकते. तिसऱ्या पद्धतीत भांडे पूर्ण तयार झाल्यावर वरून रंग लावतात आणि साधारण ७०० ते ८५० अंशांवर पुन्हा भाजतात. तिथे रंग झिलईवर फक्त घट्ट बसलेला असतो. तो उघडा असल्यामुळे सोड्याचे पाणी थेट त्यालाच भिडते. ही पद्धत रंगांची विविधता आणि भडकपणा देते, म्हणून भेटवस्तूंच्या कपांवर आणि फुलाफुलांच्या जुन्या टी-सेटांवर ती सर्रास दिसते.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. भांडे खिडकीजवळ न्यावे आणि तिरपे धरून उजेडाचे प्रतिबिंब नक्षीवरून हळूहळू सरकवावे. रंग झिलईखाली असेल तर प्रतिबिंब नक्षीच्या कडेला अडखळत नाही, सगळीकडे एकसारखी काच चमकते. रंग वर असेल तर पाकळीच्या कडेशी चमक बदलते, ती जागा थोडी मंद किंवा उलट जास्त तुकतुकीत दिसते. मग डोळे मिटून नखाची कड नक्षीवरून न्यावी. उंचवटा लागला की रंग वर आहे हे नक्की. नख सरळ गेले तर रंग खाली किंवा झिलईत बुडालेला असण्याची शक्यता मोठी, पण पातळ रंगाचा उंचवटा कधी कधी नखाला कळत नाही, म्हणून उजेडाची परीक्षा सोडू नये.

सोनेरी आणि रुपेरी काठांसाठी ही परीक्षाही नको. बोन चायनाच्या कपाचा सोनेरी काठ म्हणजे सगळ्यात शेवटी लावलेला धातूचा अतिशय पातळ थर असतो. 'डिशवॉशर सेफ' असे स्पष्ट लिहिले नसेल, तर असे भांडे हातानेच धुवावे. सोने एकदम जात नाही. आधी त्याचा झळाळ मरतो, मग ओठ लागतात त्या जागी काठ विरळ होतो. मायक्रोवेव्हमध्ये तर या काठावर ठिणग्या पडतात, तेव्हा तिथेही ते नको.

रंगानंतर माती. सगळी चिनीमाती सारखी घट्ट नसते. पोर्सिलेनसारखे उच्च तापमानाला भाजलेले भांडे जवळजवळ पाणी शोषत नाही, स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. कमी तापमानाला भाजलेली माती पाच, आठ, दहा टक्केही पाणी पिते. वरची झिलई अखंड आहे तोवर हे कळत नाही. पण तळाच्या कड्यावर झिलई नसते, एखादा टवका उडालेला असतो, आणि दोन तासांच्या गरम फवाऱ्यात पाणी तिथून आत शिरते. ओलसर माती थोडी फुगते, झिलई मात्र तिच्यासोबत ताणली जात नाही, म्हणून तिला केसासारख्या बारीक भेगा पडतात. चहाचा रंग त्या भेगांत उतरला की कपात तपकिरी जाळे दिसू लागते. असे जाळे आधीच असलेले भांडे यंत्रात मुळीच घालू नये, भेगांत अन्नाचे कण आणि डिटर्जंट दोन्ही राहतात.

माती किती पाणी पिते हे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजता येते. भांडे दोन दिवस उन्हात किंवा कोरड्या जागी ठेवून पूर्ण वाळवावे आणि त्याचे वजन घ्यावे. मग रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे, सकाळी पुसून लगेच पुन्हा वजन करावे. ४१२ ग्रॅमची ताटली ४१३ ग्रॅम झाली तर पाव टक्काच पाणी शिरले, ती घट्ट आहे. तीच ४४३ ग्रॅम झाली तर साडेसात टक्के पाणी आत गेले, ती यंत्रासाठी नाही. एक इशारा द्यायला हवा. सगळीकडून नीट झिलई असलेल्या भांड्यात पाणी फक्त तळाच्या कड्यातून शिरते, त्यामुळे खरा आकडा थोडा जास्त असू शकतो. वजन वाढले नाही म्हणून लगेच निश्चिंत होऊ नये, वाढले तर मात्र ते ठाम उत्तर मानावे.

हाताने घडवलेल्या भांड्यांच्या बाबतीत सर्वात सोपा मार्ग म्हणजे घडवणाऱ्यालाच विचारणे. भट्टी किती तापवली, हा एकच प्रश्न पुरतो. १२०० अंशांच्या वर भाजलेले स्टोनवेअर आणि चकचकीत झिलई असेल तर बहुधा अडचण येत नाही. खरबरीत, मॅट झिलई असेल तर सावध राहावे, अशा काही झिलया सोड्याला लवकर बळी पडतात आणि पांढुरक्या होतात. जयपूरची निळी भांडी हा वेगळाच प्रकार आहे. ती चिकणमातीची नसून मुख्यतः गारेच्या भुकटीची असतात आणि तुलनेने कमी तापमानाला भाजतात. त्यांचे सौंदर्य भिंतीवर आणि कपाटात जपावे, यंत्रात नाही.

चिनीमातीच्या भांड्यावर राखाडी रेघा दिसल्या की लोक यंत्राला दोष देतात. त्या बहुतेक वेळा चमच्यांच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यांच्या घासल्याच्या खुणा असतात. स्वच्छतेच्या सौम्य पेस्टने त्या निघतात. ॲल्युमिनियमचा कुकर आणि पांढऱ्या ताटल्या एकाच फेरीत ठेवल्या नाहीत तर ही तक्रार बरीच कमी होते.

आता कोऱ्या पाठीचे एक उदाहरण शेवटपर्यंत तपासू. समजा, प्रदर्शनातून घेतलेले सहा सूप बोल आहेत. पांढरट रंग, पोटावर निळी पाने, काठाला बारीक सोनेरी रेघ, तळ कोरा. तिरपे धरून पाहिले तर पानांवरून उजेड न अडखळता सरकतो, नखालाही काही लागत नाही. पाने झिलईखाली आहेत. सोनेरी रेघेवर मात्र चमक वेगळी पडते. कोरडे वजन २८६ ग्रॅम, रात्रभर भिजवल्यावर २८८ ग्रॅम, म्हणजे ०.७ टक्के. माती पोर्सिलेनइतकी घट्ट नाही, पण चांगले स्टोनवेअर म्हणावे अशी आहे. आता रंगाची सोड्याची परीक्षा.

ही परीक्षा अमेरिकेतल्या एएसटीएम या मानकसंस्थेच्या चाचणीच्या तत्त्वावर आहे. तिथे नक्षीदार भांडी उकळीच्या जवळ तापवलेल्या धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात काही तास ठेवतात आणि रंग उतरतो का ते पाहतात. घरी ती ढोबळ रूपात करता येते. स्टीलचे पातेले घ्यावे, ॲल्युमिनियमचे नको, कारण सोडा ॲल्युमिनियमला खातो. तळाशी जुने फडके अंथरावे. संचातला एकच बोल अशा रीतीने आडवा ठेवावा की नक्षीचा आणि काठाचा निम्मा भाग पाण्याबाहेर राहील. साधे थंड पाणी घालून त्यात लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात धुण्याचा सोडा विरघळवावा. खायचा सोडा चालत नाही, तो फार सौम्य असतो. मग मंद आचेवर हळूहळू तापवावे. बोल एकदम गरम पाण्यात टाकला तर परीक्षा होण्याआधीच तडकेल. उकळी येऊ न देता, वाफ निघत राहील इतपत दोन तास ठेवावे आणि आटेल तसे गरम पाणी घालत जावे. हातमोजे घालावेत आणि लहान मुलांना लांब ठेवावे. आच बंद करून सगळे आपोआप थंड होऊ द्यावे, मग बोल धुऊन पांढऱ्या फडक्याने बुडलेला भाग जोराने चोळावा आणि न बुडलेल्या भागाशेजारी ठेवून पाहावा.

अशा बोलमध्ये निळी पाने बहुधा जशीच्या तशी निघतात. सोनेरी रेघ बुडालेल्या बाजूला मंद पडली किंवा फडक्यावर तिचा मळकट अंश आला, तर निकाल लागला. उरलेले पाच बोल हाताने धुवायचे, किंवा सोनेरी रेघेची आशा सोडून यंत्रात घालायचे. माती आणि पाने टिकतील, रेघ टिकणार नाही. रेघेतही फरक पडला नाही तरी सगळा संच लगेच यंत्रात घालू नये. एक बोल महिनाभर रोज यंत्रात जाऊ द्यावा आणि त्याची जोड कपाटात ठेवावी. महिन्याने दोन्ही खिडकीत शेजारी शेजारी धरावेत. तुलनेसाठी कोरा नमुना नसेल तर हळूहळू पडणारा फरक डोळ्यांना कळत नाही, आणि सगळ्यांचे चुकते ते इथेच.

ही परीक्षा फक्त चिनीमातीची. मेलामाइन कधीही असे तापवू नये. फोटो छापलेल्या मगांवरही ती करायची गरज नाही. वाढदिवसाला मिळणाऱ्या त्या मगांवर बाहेरून प्लॅस्टिकचा एक पारदर्शक थर असतो आणि चित्र त्या थरात उतरवलेले असते. भट्टीतल्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही. कडेजवळ त्या थराची रेघ बोटाला लागते. थर फुगतो, चित्र फिके होते. असा मग हातानेच धुवावा.

काचेकडे वळू. काच अभेद्य वाटते, पण डिशवॉशर तिलाही खातो. पेल्यांची रोजची साधी काच वाळू, सोडा आणि चुना यांपासून बनते. गरम पाणी आधी तिच्यातला सोडियम बाहेर ओढते, मग अल्कधर्मी द्रावण तिच्या मूळ चौकटीवरच काम करते. सुरुवातीला पेल्यावर निळसर-तांबूस इंद्रधनुषी झाक येते, पुढे पांढरट धूसरता, कधी कधी आडव्या वलयांसारख्या रेघा. हे पाण्यातल्या क्षारांच्या डागांसारखेच दिसते, पण दोन्हींतला फरक कळणे गरजेचे आहे. धुरकट पेल्याच्या एका भागावर व्हिनेगर चोळून दहा मिनिटे ठेवावे. डाग गेला तर तो क्षारांचा होता, मीठ आणि रिन्स-एड यांची मात्रा नीट करून तो टाळता येतो. तसाच राहिला तर काच झिजली आहे, ती कशानेही पूर्ववत होत नाही.

इथे पाण्याचा भाग मोठा आहे. मऊ पाण्यात काच लवकर झिजते. मुंबई महापालिकेचे तलावांमधून येणारे पाणी मुळात मऊ आहे. शहराबाहेर वाढलेल्या वस्त्यांत मात्र कूपनलिका किंवा टँकरचे जड पाणी येते आणि त्याच यंत्राला वेगळी मांडणी लागते. यंत्रात पाण्याच्या जडपणाचा आकडा बसवायची सोय असते, बऱ्याच यंत्रांसोबत तपासणीची पट्टीही येते. पट्टी दाखवेल तोच आकडा ठेवावा. 'जास्त ठेवला म्हणजे भांडी जास्त स्वच्छ' असे मानून तो वाढवू नये. जड पाण्यात क्षार बसतात, ते निघू शकतात. फार मऊ पाण्यात जी हानी होते ती निघत नाही, म्हणून मला दुसरीची भीती जास्त वाटते. काचेसाठी ४० ते ५० अंशांचा कार्यक्रम निवडावा, आणि धुणे संपल्यावर दार उघडून वाफ बाहेर जाऊ द्यावी.

कोणती काच कशी ओळखायची? ओपल काचेच्या पांढऱ्या दुधी ताटल्या, ला ओपालाच्या किंवा बोरोसिलच्या लारा संचातल्या, या डिशवॉशरसाठीच बनवलेल्या आणि तसा शिक्का असलेल्या टफन्ड काचेच्या असतात. रोजच्या वापराला त्या मला सर्वात निर्वेध वाटतात. बोरोसिलचे नाव वाचून लारा ही बोरोसिलिकेट काच असावी असे काहींना वाटते, पण ती ओपल काच आहे. बोरोसिलिकेटची बेकिंगची पारदर्शक भांडीही यंत्रात चांगली टिकतात. टफन्ड काचेवर खोल ओरखडा किंवा टवका असेल तर ती वापरातून काढून टाकावी, कारण ती एके दिवशी अचानक चुरा होऊ शकते. आजोबांच्या काळातले जड, टिचकी मारली की लांब घुमणारे नक्षी कापलेले पेले शिशाच्या क्रिस्टलचे असू शकतात, ते यंत्रात कधीच घालू नयेत. रंगीत पेल्याचा रंग काचेच्या आत आहे की बाहेरून फवारलेला, हे काठाची जाडी पाहून कळते. काठावर रंग आतपर्यंत गेलेला असेल तर चिंता नाही. आत पारदर्शक आणि बाहेर रंगीत असेल तर तो रंग उतरणार.

मेलामाइन हलके, न फुटणारे आणि मुलांच्या हाती द्यायला सोयीचे. ते एकदा घट्ट झाले की पुन्हा न वितळणारे प्लॅस्टिक आहे. नीट बनवलेले मेलामाइन वरच्या कप्प्यात, ७० अंशांच्या आतल्या धुण्यात चालते, पण सोडा आणि ब्लीच त्याची चमक हळूहळू नेतात. हळदीचे डाग बसणे ही चमक गेल्याची पहिली खूण. मायक्रोवेव्हमध्ये ते कधीच ठेवू नये. ७० अंशांहून गरम अन्नासाठी मेलामाइन वापरू नये असे जर्मनीची अन्नसुरक्षेच्या जोखमींचा अभ्यास करणारी संस्था बीएफआर सांगते, कारण जास्त उष्णतेत त्यातून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड अन्नात उतरण्याचे प्रमाण वाढते. उकळती आमटी थेट मेलामाइनच्या वाडग्यात ओतू नये हे त्यामुळेच.

शिक्का नसलेली प्लॅस्टिकसारखी ताटली मेलामाइन आहे का, हे पाण्यात टाकून कळते. मेलामाइन पाण्यापेक्षा जड, ते बुडते. तरंगली तर ती बहुधा पॉलीप्रॉपिलीनची आहे. बुडाली आणि आपटल्यावर चिनीमातीसारखा टणत्कार आला तर मेलामाइन किंवा त्याच जातीचे स्वस्त युरियाचे प्लॅस्टिक. युरियाचे भांडे गरम पाण्यापुढे टिकत नाही. ते लवकर निस्तेज आणि खरबरीत होते, कडांना फुगते, आणि गरम पाणी ओतल्यावर नाकाला झोंबणारा वास येऊ शकतो. असा वास आला तर ते डिशवॉशरच काय, जेवणातूनही काढून टाकावे. 'बांबूची' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक कपांबाबतही हेच सांगावेसे वाटते. ते मेलामाइनच असते, फक्त त्यात बांबूची भुकटी मिसळलेली. युरोपीय संघाने २०२१ मध्ये अशा वस्तू बाजारातून हटवण्याची मोहीम सुरू केली. नैसर्गिक दिसते म्हणून त्यात गरम दूध देऊ नये.

एक खूण मात्र सगळ्या प्रकारांना लागू आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. नक्षी खडूसारखी पांढुरकी पडली, बोटावर तिची पूड येऊ लागली, झिलई खडबडीत झाली, तर ते भांडे अन्नासाठी वापरू नये. जुन्या आणि अनोळखी उत्पादनांच्या भडक लाल, पिवळ्या आणि केशरी रंगांत शिसे किंवा कॅडमियम असू शकते, आणि झिजलेल्या पृष्ठभागातून, विशेषतः चिंच, ताक, लिंबू अशा आंबट पदार्थांत, ते उतरण्याची शक्यता वाढते.

आपल्या उत्पादकांना एक विनंती. 'डिशवॉशर सेफ' हे दोन शब्द खोक्यावर छापण्याऐवजी भांड्याच्या पाठीवर भट्टीत पक्के छापा, आणि त्याच्या शेजारी किती धुणी आणि किती अंश हेही लिहा. तोवर वाचकांनी दुकानात बशी उलटी करावी, आणि पाठ कोरी असेल तर ती भट्टीत किती तापली आणि नक्षी झिलईखाली आहे की वर, हे विक्रेत्याला विचारल्याशिवाय घेऊ नये.